सर्व्हे विमान: ३ किलो, २.२ मीटर पंख, तरी हवेत तासभरच. पंख बदलू, एअरफॉइल बदलू की मोटर?

कातळफूल

नमस्कार मंडळी. मॅपिंगसाठी फोमचं फिक्स्ड विंग विमान बनवलंय. पंखांचा विस्तार २.२ मीटर, क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर, कॅमेरा आणि बॅटरीसकट वजन बरोबर ३ किलो, म्हणजे विंग लोडिंग चौरस मीटरला ६ किलो. एअरफॉइल क्लार्क वाय. मोटर नाकावर, ११०० केव्ही, प्रॉप ९ बाय ६. बॅटरी २१७०० लिथियम आयनची, चार सीरिज आणि तीन पॅरलल, ५००० एमएएचचे सेल. त्यातली ८५ टक्के वापरायची ठरवली तर साधारण १८४ वॅट-तास हाताशी येतात.

अपेक्षा होती दोन तासांची. प्रत्यक्षात मिळतो एक तास. लॉगमध्ये १८ मीटर प्रति सेकंद वेगाला सरासरी १२.५ अँपिअर आणि १४.६ व्होल्ट, म्हणजे १८२ वॅट दिसतात.

आता नवा पंख कापायचा विचार आहे, २.८ मीटरचा, ०.७ चौरस मीटर क्षेत्रफळाचा. विंग लोडिंग उतरलं की वेळ वाढेल ना? पंखाबरोबर एअरफॉइलही बदलू का? फोम कापायच्या आधी विचारून घेते.

झेप_७

पंख मोठा करा, दुसरा विचार नको. लोडिंग कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे पॉवर कमी. आणि क्लार्क वाय सोडा, एस १२२३ घ्या. त्याचा लिफ्ट कोएफिशंट २ च्या आसपास जातो. इतकी लिफ्ट फार थोडी एअरफॉइल देतात.

सुतारपक्षी

माझा अनुभव सांगतो. मी पंखाला हात न लावता आणखी चार सेल पॅरललमध्ये टाकले. वेळ वाढला, पण हिशेबाने एक तृतीयांश वाढायला हवा होता, तेवढा अजिबात वाढला नाही. आणि हातातून सोडताना विमान दोनदा गवतात गेलं. शेवटी रबराचा लाँचर करावा लागला. तुम्हीही बॅटरीच वाढवा, पण सोडायची सोय आधी करा.

वारेमाप

कातळफूल, फोम अजून कापू नका. तुमच्याच आकड्यांत एक गोष्ट दिसते आहे. १८ चा वेग कुठून आला? कॅमेऱ्याची गरज होती, की असाच टाकला?

झेप, मोठ्या पंखाचं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. लिफ्ट कोएफिशंट तोच ठेवला तर लागणारी पॉवर वजनाच्या दीड घाताने वाढते आणि क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने कमी होते.

```
P ∝ W^1.5 / S^0.5
```

०.५ चं ०.७ केलं की क्षेत्रफळ १.४ पट होतं आणि पॉवर साडेपंधरा टक्क्यांनी उतरते. पण २.८ मीटरच्या पंखाला जाड स्पार लागणार, फोम वाढणार, वायरी लांबणार. अडीचशे ग्रॅम वाढले असं धरा. ३ चे ३.२५ किलो झाले की पॉवर पुन्हा पावणेतेरा टक्क्यांनी चढते. दोन्ही एकत्र धरले तर हातात पाच टक्के उरतात. पंख लांब झाल्यावर इंड्यूस्ड ड्रॅग थोडा घटतो, फ्यूजलाजचा वाटाही पंखाच्या मानाने कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून काही टक्के जास्त मिळतील. पण नवा पंख कापण्याच्या खटाटोपाला हे मोल पुरेसं आहे का, ते तुम्ही ठरवा.

त्यात त्याच लिफ्ट कोएफिशंटला उडण्याचा वेगही १२ टक्क्यांनी घटतो. आज १४ ने उडणारं विमान १२.३ वर येईल आणि वाऱ्यापुढे हतबल होईल.

सुतारपक्षी, तुमचं गणितही इथेच अडलं. पॅक एक तृतीयांश वाढला, पण ३०० ग्रॅमने विमानाची पॉवरही १५ टक्के वाढवली. उरला १५-१६ टक्के वेळ.

कातळफूल

१८ चा वेग मीच `AIRSPEED_CRUISE` मध्ये टाकला होता. स्टॉलची भीती होती. पहिल्याच उड्डाणात वळणावर एक पंख अचानक खाली गेला, तेव्हा वेग वाढवला तो तसाच राहिला. स्टॉलचा वेग नेमका किती, ते मी कधी मोजलंच नाही. गणिताने साधारण ९ येतो.

झेप_७

पण एस १२२३ चं काय? स्टॉलची भीती असेल तर तेच औषध आहे.

वारेमाप

तेच सांगतो. एस १२२३ रेनॉल्ड्स नंबर दोन लाखाला बनवलेलं आहे, म्हणजे वरवर पाहता आपल्याला अगदी जुळतं. तुमचा पंख १४ मीटर प्रति सेकंदाला २.१ लाखावरच आहे. पण त्या एअरफॉइलची मजा मोठ्या लिफ्ट कोएफिशंटला असते. ३ किलोच्या विमानाने ०.५ चौरस मीटर पंखावर १.५ चा लिफ्ट कोएफिशंट वापरायचा तर वेग ८ मीटर प्रति सेकंद ठेवावा लागेल. समोरून ८ चा वारा आला की विमान जमिनीच्या मानाने जागच्या जागी उभं. आणि १४ ने उडायचं तर लिफ्ट कोएफिशंट ०.५ येतो. तिथे त्या खोल कमानीच्या एअरफॉइलचा ड्रॅग वाईट असतो, कारण खालच्या बाजूची हवा सुटायला लागते. शिवाय त्याचा नाक खाली दाबणारा मोमेंट मोठा आहे. तो सावरायला टेल सतत खाली दाबत राहते, आणि तेवढी लिफ्ट पंखाला जास्त उचलावी लागते. जड सामान घेऊन हळू उडायचं असेल तर ते एअरफॉइल उत्तम. इथे नाही.

कातळफूल, आधी एक गोष्ट मोजा. तुमची पॉवर ड्रॅगमध्ये जाते की मोटर-प्रॉपमध्ये, हे आज कुणालाच माहीत नाही. ग्लाइड टेस्ट केली की दोन्ही वेगळे होतात. मोटर बंद असताना विमान ज्या वेगाने खाली येतं, त्याला वजनाने गुणलं की ड्रॅग किती वॅट खातो ते थेट मिळतं.

```
P = W × sink
3 kg → W = 29.4 N
sink 1.2 m/s → P ≈ 35 W
```

फक्त प्रॉप फोल्डिंग हवा. फिरत राहिलेला प्रॉप स्वतःच ब्रेकसारखं काम करतो आणि आकडा बिघडवतो. ९ बाय ६ चा फोल्डिंग मिळतो, तो लावा. ईएससीचा ब्रेक चालू ठेवा, नाहीतर पाती मिटत नाहीत. वेळ पहाटेची. ऊन चढलं की वर जाणाऱ्या हवेत सिंक रेट अर्धाही दिसू शकतो आणि आपण उगाच खूश होतो. `FBWA` मध्ये १२० मीटरवर जा, थ्रॉटल शून्य करा, नाकाचा कोन धरून एअरस्पीड एका आकड्यावर बसवा. पहिले दहा सेकंद टाकून द्या. मग ५० मीटरपर्यंतचा बॅरोमीटरचा उतार घ्या. प्रत्येक वेगाला चार-पाच वेळा करा आणि उलटसुलट दिशांनी करा.

आकाशमोजणी

मी मॅपिंगचं काम करतो. मला इथे एक वेगळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. किती मिनिटं उडलं याचा उपयोग नाही, किती क्षेत्र झालं ते बघा. हळू उडून दोन तास काढले आणि वाऱ्यात पुढे सरकलंच नाही तर नकाशा कुठून येणार?

हिशेब करून बघा. ८ मीटर प्रति सेकंदाचा वारा, ओळी वाऱ्याच्याच रेषेत. १४ ने उडणारं विमान जाताना जमिनीवर ६ ने जातं आणि येताना २२ ने. पण ६ वर जास्त वेळ जातो, त्यामुळे खरी सरासरी १४ येत नाही, ९.४ येते. १८ वर हीच सरासरी १४.४ येते. म्हणजे दीडपट.

वारेमाप

मुद्दा बिनतोड आहे, पण शेवटपर्यंत न्या. १८ ला १८२ वॅट लागतात. १४ ला किती ते अजून मोजलेलं नाही, पण समजा १०० च्या आसपास. मग मीटरमागे ज्यूल काढा. ८ च्या वाऱ्यात १८ ला साडेबारा ज्यूल, १४ ला साडेदहा-अकरा. १४ अजूनही पुढे. वारा १० ला गेला की दोन्ही जवळपास सारखे होतात. त्याहून जास्त वाऱ्यात तुमचं म्हणणं खरं, वेग वाढवायलाच हवा. म्हणून कमी लोडिंगच्या पंखावर मी इतका नाराज आहे. वारा वाढला तर वेग वाढवायची जागा हवी. तरंगता पंख वेग वाढवला की ड्रॅगमध्येच बुडतो.

आकाशमोजणी

हे मान्य. पण मग ओळी वाऱ्याच्या आडव्या का आखत नाही? ८ च्या वाऱ्यात १४ चं विमान आडवं जाताना ११.५ ने सरकतं. ९.४ पेक्षा कितीतरी बरं. पॉवर तीच. अडचण एकच. विमानाचं नाक ओळीशी सुमारे ३५ अंश तिरकं राहतं आणि कॅमेराही तेवढाच फिरतो. फोटो चौकट तिरकी पडते, दोन ओळींमधला ओव्हरलॅप घटतो. ओळी जवळ आणाव्या लागतात, म्हणजे मिळालेल्यातलं काही परत जातं. कॅमेऱ्याची चौकट लांबट असेल तर जास्तच.

नवी_पाती

एक शंका. इतका त्रास घेण्यापेक्षा चार रोटर का वापरत नाही? वारा आला तर एका जागी थांबता येतं.

आकाशमोजणी

थांबायचं नाहीये, पुढे जायचंय. रोटरवर लटकून राहायला सगळं वजन मोटरने सतत उचलावं लागतं. इथे ३ किलोचं वजन पंख उचलतो आणि मोटरला फक्त अडीच न्यूटनच्या आसपासचा ड्रॅग भरून काढायचा असतो. लहान जागा असेल तर तुमचं बरोबर, मोठं क्षेत्र असेल तर नाही.

कातळफूल

सगळ्यांचे आभार. ग्लाइड टेस्ट झाली, दोन पहाटे लागल्या. पहिल्या दिवशी गवतावरच्या धुक्यातही हवा हलत होती, आकडे इतके विखुरले की फेकून दिले. दुसऱ्या दिवशी हवा इतकी स्तब्ध होती की काठीला बांधलेला लोकरीचा धागा सरळ खाली लोंबत होता. सरासरी सांगते. १८ ला २.१ मीटर प्रति सेकंद उतार, १४ ला १.२, आणि १२ ला ०.९५. पातळीत १४ ने उडवलं तेव्हा ६.९ अँपिअर आणि १४.८ व्होल्ट, म्हणजे १०२ वॅट.

एक गोष्ट नव्याने कळली. उंचावर जाऊन स्टॉल करून पाहिला, ९.२ ला नाक पडतं. म्हणजे माझा १८ चा वेग स्टॉलच्या दुप्पट होता.

वारेमाप

छान मोजलंय. आता हे आकडे वाचू.

१४ ला ड्रॅग ३५ वॅट खातो. १०२ मधले १० कॅमेरा, ऑटोपायलट, रेडिओ आणि सर्व्होचे सोडा. मोटरकडे ९२ गेले आणि कामी ३५ आले. ३८ टक्के. १८ लाही जवळपास तेच, ६२ वॅटसाठी १७२. म्हणजे विमान एवढं वाईट नाही, पॉवर प्रॉप आणि मोटरमध्ये सांडतेय.

पण पहिला फायदा मोटर न बदलताच आहे. नुसता वेग १८ चा १४ केला की १८४ वॅट-तासांत पातळीतला वेळ तासावरून पावणेदोन तासांवर जातो.

१२ का नाही असं विचाराल. १२ ला ड्रॅग २८ वॅटच आहे. पण ४० अंश झुकून वळताना पंखाला १.३ पट वजन उचलावं लागतं आणि स्टॉलचा वेग ९.२ वरून साडेदहा होतो. मागून दीड-दोनचा झोत आला की गेलं. तुमचं पहिलं उड्डाण असंच फसलं असावं. `AIRSPEED_MIN` १२ ठेवा, सर्व्हे १४ वर, आणि `ROLL_LIMIT_DEG` ४० च्या खालीच.

आता मोटर. तुमची ११०० केव्हीची मोटर सुमारे ७४०० फेऱ्यांवर फिरतेय. नुसतं रिकामं फिरायलाच ती किती अँपिअर घेते, ते प्रॉप काढून त्याच फेऱ्यांवर मोजा. मोठ्या पॉवरच्या, जास्त केव्हीच्या मोटरमध्ये हा आकडा दीड अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. क्रूझला सव्वासहा अँपिअर घेणाऱ्या मोटरमध्ये दीड म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. डेटाशीटवरची ८५ टक्के एफिशियन्सी २०-२५ अँपिअरला असते, आणि तिथे तुमचं विमान फक्त वर चढताना असतं.

१२ बाय ८ फोल्डिंग आणि ६०० केव्हीच्या आसपासची मोटर बघा. १४ ला तो प्रॉप ४९०० फेऱ्यांवर येईल. पिच गुणिले फेऱ्या केल्या की १६.६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे विमानाच्या वेगाच्या जवळजवळ १.२ पट. लांब उड्डाणाला हे गुणोत्तर मला १.१५ ते १.३ मध्ये आवडतं. १३ बाय ८ घेतला तर फेऱ्या आणखी कमी होऊन पिच अपुरा पडतो. तिथे १३ बाय १० लागेल.

झेप_७

म्हणजे मोठा प्रॉप चांगला, एवढंच ना?

वारेमाप

एवढंच नाही. नुसत्या व्यासाने आदर्श एफिशियन्सी ९० वरून ९४-९५ होते, चार-पाच टक्के. बाकीचा फायदा फेऱ्या उतरल्याने मोटरच्या आतला लॉस घटण्यात आणि पिच वेगाला जुळण्यात आहे. ११०० ची मोटर ठेवून तिला १२ बाय ८ लावला तर पूर्ण थ्रॉटलला मोटर आणि ईएससी जळतील. दोन्ही एकत्रच बदला.

सुतारपक्षी

जमिनीला लागून प्रॉप तुटत नाही का? मी ९ इंच त्याच भीतीने ठेवला होता.

कातळफूल

माझंही तेच होतं. फोल्डिंग लावल्यापासून पोटावर उतरताना पाती मिटलेली असतात. आतापर्यंत एकही तुटलेली नाही. मात्र उतरताना थ्रॉटलला हात लागायला नको.

कातळफूल

तीन आठवड्यांनी येतेय. ५८० केव्हीची मोटर, १२ बाय ८ फोल्डिंग. जुन्या मोटरचं रिकामं फिरणंही मोजलं, ७४०० ला १.४ अँपिअर निघालं. नवी ४९०० ला ०.५.

१४ ला पातळीत ५.९ अँपिअर, १४.८ व्होल्ट, ८७ वॅट. १० वजा केले तर ७७, म्हणजे ४६ टक्के. पन्नासची आशा होती, तेवढं नाही आलं. काल पूर्ण मिशन केलं, वळणं आणि चढाईसकट, १ तास ४८ मिनिटं, पंधरा टक्के शिल्लक ठेवून. पंख तोच.

आता राहिलं एअरफॉइल. एसडी ७०३७ चा पंख कापला तर?

वारेमाप

तुमच्या ग्लाइडवरून बघा. १४ ला एकूण ड्रॅग कोएफिशंट ०.०४३, त्यातला इंड्यूस्ड ०.०१० धरा. उरतो ०.०३३. त्यात पंखाच्या एअरफॉइलचा वाटा ०.०१० ते ०.०१२, म्हणजे एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश फ्यूजलाज, टेल, कॅमेऱ्याचं भोक, सर्व्होचे हात आणि पंख-फ्यूजलाजचा सांधा. एसडी ७०३७ ने एअरफॉइलचा वाटा दहा टक्के उतरवला तरी एकूण ड्रॅगमध्ये अडीच टक्केच. ते ९ टक्के जाड आहे, स्पारला जागा कमी आणि पंख वाकायला तयार. मी आधी कॅमेऱ्याच्या भोकाला सपाट काच लावेन आणि सांधे टेपने झाकेन.

झेप_७

हे मला पटत नाही. एक्सफॉइलमध्ये क्लार्क वाय आणि एसडी ७०३७ मधला फरक यापेक्षा खूप मोठा दिसतो.

वारेमाप

एनक्रिट ९ ठेवून चालवलंत ना? ते गुळगुळीत पंखाचं आणि शांत हवेचं गणित आहे. फोमच्या दाणेदार पृष्ठभागावर आणि प्रॉपच्या झोतात हवा आधीच खवळलेली असते. ५ ठेवून बघा, आणि तुमचा फरक किती उरतो ते इथे टाका. खडबडीत फोम कधी कधी लॅमिनार बबल फोडून मदतही करतो, त्यामुळे माझा अडीच टक्क्यांचा आकडाही अंदाजच आहे.

झेप_७

५ ठेवलं. फरक निम्म्याने घटला, पण शून्य झाला नाही. मी एसडी ७०३७ च्या बाजूनेच आहे.

आकाशमोजणी

कातळफूल, आडव्या ओळी आखून बघितल्यात का? ८ च्या वाऱ्यात तुमच्या कॅमेऱ्याचा ओव्हरलॅप किती टक्के घटतो, तो आकडा मला हवाय.

कातळफूल

अजून नाही. या आठवड्यात भोकावर काच बसवतेय. ती झाली की पुन्हा ग्लाइड टेस्ट घेते. १४ ला १.२ चा आकडा १.१ कडे सरकला तर कळेल की भोक किती खात होतं. वारा मिळेल त्या दिवशी एकच शेत दोन्ही दिशांनी उडवून ओव्हरलॅप इथे टाकते.